ट्रकला ओव्हरटेक : १० च्या फरकाला १९ सेकंद, आणि सव्वासहाशे मीटर मोकळा रस्ता

चिमूर : वरोरा-चिमूर रस्ता असो, कान्पा-शंकरपूर असो की उमरेडकडचा, दुपदरी रस्त्यावर मोटारसायकलवाल्याला रोज एकच प्रश्न पडतो. पुढे भरलेला ट्रक आहे, धूळ तोंडावर येते आहे, मागे बसलेली घरची मंडळी कंटाळली आहेत. काढायची का गाडी? "निघते ना भाऊ, समोर तं काहीच नाई," असे म्हणून अनेकजण उजवीकडे गाडी टाकतात. बहुतेक वेळा निघतेही. ज्या दिवशी निघत नाही, त्या दिवशी चूक हँडलवर झालेली नसते, ती त्याच्या दहा-पंधरा सेकंद आधी, अंदाज बांधताना झालेली असते.

हा अंदाज कसा बांधायचा, ते या लेखात आकड्यांनिशी सांगितले आहे. आकडे थोडेच आहेत आणि आपल्याच रस्त्यावर तपासून पाहता येतात.

एक उदाहरण : खडसंगीच्या पुढे, वरोऱ्याकडे

समजा तुम्ही चिमूरहून वरोऱ्याला निघाला आहात. १०० सीसीची मोटारसायकल, मागे बायको, मध्ये पिशवी. खडसंगी ओलांडल्यावर पुढे दहा चाकी ट्रक लागतो. तो ताशी ५० किलोमीटरने चालला आहे. तुम्ही ६० ने जाऊ शकता. सरळ रस्ता दिसतो आहे आणि लांबवर समोरून एक गाडी येते आहे.

ट्रक पार करायचा म्हणजे नेमके किती अंतर कापायचे? ट्रक साधारण १० मीटर लांब आहे, एवढाच विचार डोक्यात येतो. पण तुम्ही ट्रकच्या मागे २० मीटरवरून निघणार. मग ट्रकची लांबी १० मीटर. तुमच्या गाडीची २ मीटर. आणि पुढे गेल्यावर लगेच ट्रकच्या नाकासमोर घुसता येत नाही, निदान २० मीटर पुढे जाऊन मगच डावीकडे यायचे. बेरीज झाली ५२ मीटर. म्हणजे ट्रकच्या तुलनेत तुम्हाला ५२ मीटर पुढे सरकायचे आहे.

आता खरी गोष्ट. हे ५२ मीटर तुम्ही ६० च्या वेगाने कापत नाही. ट्रकही पळतो आहे. तुमच्या दोघांच्या वेगात फरक आहे फक्त १० चा, आणि हे अंतर त्या १० च्याच वेगाने कापले जाते. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर, माणूस हळू पळतो तेवढेच. त्यामुळे ५२ मीटरला लागतात जवळपास १९ सेकंद. सगळा वेळ नाही, पण यातला बराच वेळ तुम्ही समोरून येणाऱ्याच्या बाजूवर असता.

या १९ सेकंदांत तुमची गाडी ६० च्या वेगाने रस्त्यावर सुमारे ३१० मीटर पुढे गेलेली असते. समोरची गाडीही ६० ने येत असेल तर तीही ३१० मीटर जवळ आलेली असते. दोन्ही मिळून सव्वासहाशे मीटर. गाडी काढताना समोरचे वाहन सव्वासहाशे मीटरवर असेल, तर तुम्ही डावीकडे परत येता-येता ते तुमच्या समोर येऊन ठेपते. म्हणजे सव्वासहाशे मीटर ही सुरक्षित जागा नाही, ती अगदी काठावरची जागा आहे. समोरचा ८० ने येत असेल तर हाच आकडा सव्वासातशेच्या पुढे जातो, आणि समोरचा ६० ने येतो की ८० ने, हे लांबून कोणाच्याच डोळ्याला कळत नाही.

तोच ट्रक ४० ने चालला असता तर? फरक २० चा झाला. वेळ निम्मा, साडेनऊ सेकंद. तुमचे अंतर सुमारे १५५ मीटर, समोरच्याचे तेवढेच, मिळून ३१० मीटर. ट्रक तोच, तुमची गाडी तीच, तुमचा वेगही तोच. फक्त फरक दुप्पट झाला आणि लागणारा रस्ता निम्म्यावर आला.

म्हणून पहिला हिशोब स्वतःच्या वेगाचा नाही, फरकाचा करायचा. फरक २० चा नसेल तर मोटारसायकलवाल्याने ट्रकच्या मागेच राहावे. आणि इथे कायद्याची एक गोष्ट ध्यानात घ्या. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरवलेल्या कमाल वेगमर्यादेप्रमाणे अशा दुपदरी रस्त्यावर मोटारसायकलला ६०, मालवाहू ट्रकलाही ६० आणि कारला ७० ची मर्यादा आहे. जिथे फलक त्याहून कमी सांगतो तिथे फलकाप्रमाणे. म्हणजे ट्रक ५५-६० ने चालला असेल तर तुम्हाला त्याला ओव्हरटेक करायला जागाच उरत नाही. तो तुमच्याच वेगाने चालला आहे. त्याच्या मागे राहून तुमचे काहीच अडत नाही.

कारवाल्यांसाठी हिशोब थोडा वेगळा. कार ७० ने, ट्रक ५० ने, मागे-पुढे २५-२५ मीटर जागा धरली तर जवळपास १२ सेकंद लागतात आणि समोर ७० ने येणारे वाहन धरून सुमारे ४६० मीटर रस्ता मोकळा हवा. रस्ते आखणाऱ्या इंजिनिअरांचे गणितही याच्या जवळच जाते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात ताशी ८० किलोमीटरसाठी आखलेल्या दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेकसाठी ४७० मीटर दिसणारा रस्ता धरला आहे. तिथे पुढचे वाहन १६ किलोमीटरने हळू आहे आणि मागचे जोरात वेग घेते आहे, असे गृहीत असते. दोघे बसलेल्या १०० सीसीच्या गाडीत तेवढा जोर नसतो.

अंतर मोजायचे कशाने?

सव्वासहाशे मीटर म्हणजे किती, हे सांगून समजत नाही. पण सरकारने रस्त्याच्या कडेला फूटपट्टी लावून ठेवली आहे. मोठ्या रस्त्यांवर दोन किलोमीटरच्या दगडांमध्ये छोटे दगड असतात आणि त्यांवर २, ४, ६, ८ असे आकडे असतात. एका छोट्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत २०० मीटर. वरच्या उदाहरणातल्या ओव्हरटेकला तीन दगडांपेक्षा जास्त रस्ता लागतो. पुढच्या वेळी जाताना एका दगडापाशी क्षणभर थांबून तिसरा दगड कुठे आहे ते पाहा. तिथली मोटारसायकल ठिपक्याएवढी दिसते. आपल्याला "लांब" वाटणारी गाडी बहुतेक वेळा त्याच्या अलीकडेच असते.

हेच दगड वेग मोजायलाही कामी येतात. बऱ्याच जुन्या गाड्यांचा मीटर बंद असतो, काटा पडून असतो. ट्रकच्या मागे सारख्या अंतरावर चालत राहा, म्हणजे तुमचा आणि ट्रकचा वेग एकच झाला. मग एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत मनात सेकंद मोजा. १२ सेकंद लागले तर वेग ६०. चौदा-साडेचौदा लागले तर ५०. १८ लागले तर ४०. बस्स, ट्रकचा वेग तुम्हाला कळला. १८ च्या आसपास आकडा आला तर विचार करायला हरकत नाही. १४ आला तर विचार सोडून द्या.

सेकंद मोजताना "एक, दोन, तीन" घाईत होतात. "एक हजार एक, एक हजार दोन" असे म्हणा, म्हणजे साधारण एक सेकंद पडतो.

गाडी न काढता करायचा सराव

अंदाज पक्का करायचा असेल तर एक सोपी गोष्ट करून पाहा. यात ओव्हरटेक करायचाच नाही. ट्रकच्या मागे चालत असताना समोरून येणारे वाहन पाहा आणि ज्या क्षणी मनात येईल की "आता काढली असती तर निघाली असती", त्या क्षणापासून मोजायला सुरुवात करा. ते वाहन तुमच्या बाजूने जाईपर्यंत किती सेकंद झाले?

ट्रक ५० ने आणि समोरचा ६० ने असेल, तर वर सांगितलेले काठावरचे सव्वासहाशे मीटर संपायला २० सेकंद लागतात. त्यात ५ सेकंदांची सोडवण धरा, म्हणजे मोजणी २५ च्या पुढे जायला हवी. ट्रक ४० ने असेल तर काठ ११ सेकंदांचा, सोडवण धरून १६. पहिल्यांदा हा सराव करणाऱ्याची मोजणी बहुधा आठ-दहालाच संपते. याचा अर्थ, ज्या वेळी तुम्हाला "निघाली असती" असे वाटले, त्या वेळी समोरची गाडी आली तेव्हा तुम्ही ट्रकच्या बाजूलाच असता. वरोऱ्यापर्यंत पाच-सहा वेळा मोजून पाहा, डोळ्याला आपोआप नवे माप बसते.

मागे किती राहायचे आणि वेग कुठे घ्यायचा

ट्रकच्या शेपटीला चिकटून चालणाऱ्याला पुढचे काही दिसत नाही. मग तो उजवीकडे डोके काढून पाहतो, गाडी मधल्या रेषेवर नेतो, परत आत येतो. यात दोन चुका आहेत. एक तर ट्रकचालकाला तुम्ही दिसत नाही. तुम्हाला ट्रकचा साइड आरसा दिसत नसेल तर आरशातून ट्रकवाल्यालाही तुम्ही दिसत नाही, हा साधा नियम. दुसरे, ट्रकने अचानक ब्रेक मारला तर थांबायला जागा नाही.

ट्रक जिथून गेला तिथे तुम्ही तीन सेकंदांनी पोचाल एवढे मागे राहा. ५० च्या वेगाला हे अंतर ४० मीटरच्या आसपास येते. तिथून उजवी बाजू दिसते, आणि रस्ता डावीकडे वळत असेल तर ट्रकच्या डाव्या बाजूनेही पुढचा रस्ता पाहता येतो. धूळही कमी येते.

आता वेग कुठे घ्यायचा, यावर सगळे अवलंबून आहे. बहुतेकजण ट्रकला चिकटतात, उजवीकडे येतात आणि मग ॲक्सिलरेटर पिळतात. म्हणजे उजव्या बाजूवर आल्यावर फरक शून्य असतो आणि तिथून तो वाढायला लागतो. दोन माणसे बसलेली छोटी गाडी ५० वरून ६० वर यायला वेळ घेते, तो सगळा वेळ समोरच्याच्या बाजूवर जातो. वर मोजलेले १९ सेकंद मग आणखी वाढतात.

बरोबर पद्धत उलटी आहे. रस्ता मोकळा दिसला, मोजणी बसली, की मागूनच, आपल्याच बाजूला असताना एक गियर कमी करून वेग घ्यायला लागा. ४० मीटरचे अंतर कमी होत होत २० वर येते तोवर तुमचा फरक तयार झालेला असतो. त्या क्षणी पुन्हा एकदा समोर पाहा, मग आरशात मागे पाहा. मागून कोणी तुमच्याही आधी बाहेर पडलेला असू शकतो. दोन्ही मोकळे असेल तर इंडिकेटर आणि हॉर्न देऊन, रात्री असेल तर डिप्पर देऊन बाहेर या. शंका आली तर नुसते ॲक्सिलरेटर सोडा. तुम्ही अजून आपल्याच बाजूला आहात, काहीच बिघडलेले नाही.

ट्रकच्या बाजूने जाताना हातभर नाही, निदान दीड मीटर अंतर ठेवा. ट्रकवाला खड्डा किंवा सायकलवाला चुकवायला थोडा उजवीकडे येतोच. ट्रकच्या केबिनपुढे निघताना वाऱ्याचा धक्का बसतो आणि हलकी गाडी हलते, त्यामुळे हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरा. आत यायचे ते ट्रकचा अख्खा तोंडवळा, म्हणजे दोन्ही हेडलाइट, आरशात दिसल्यावरच. भरलेला दहा चाकी ट्रक २८ टनांच्या आसपास असतो, तो तुमच्यासारखा जागेवर थांबत नाही. त्याच्या पुढ्यात घुसून तुम्हाला ब्रेक मारावा लागला, तर त्याला तुम्हाला वाचवता येणार नाही.

परतीची वाट : आधी ठरवा, मग निघा

गाडी काढायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा. मध्येच समोर काही आले तर मी कुठे जाणार? याचे उत्तर नसेल तर ओव्हरटेक नाही.

पहिली आणि सगळ्यात चांगली वाट म्हणजे मागे, ट्रकच्या पाठीमागे परत येणे. ही वाट तुमचे पुढचे चाक ट्रकच्या मागच्या चाकांपर्यंत असते तोवर खुली असते. त्या जागेला "निकालाची जागा" समजा. तिथे पोचल्यावर समोर पुन्हा पाहायचे. जरा जरी वाटले की समोरचा लवकर आला, तर दोन्ही ब्रेक लावून मागे राहा आणि ट्रकच्या मागे या. ट्रकच्या केबिनपर्यंत गेल्यावर मागे यायचे म्हटले, तर ट्रकची सगळी लांबी तुमच्या पुढून निघून जायला हवी. जोरात ब्रेक मारूनही त्याला तीन-चार सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात ६० ने येणारी गाडी ५०-६५ मीटर जवळ येते.

ही वाट बंद कशी होते तेही माहीत हवे. तुम्ही बाहेर पडलात की मागची मोटारसायकल किंवा जीप लगेच पुढे सरकून तुमची जागा घेते. आता तुम्हाला मागे यायला जागाच नाही. म्हणून मागे कोणी चिकटून चालत असेल तर आधी त्याला जाऊ द्या. आणि पुढचा कोणी ओव्हरटेक करतो आहे म्हणून त्याच्या पाठोपाठ निघू नका. त्याला दिसलेला मोकळा रस्ता त्याच्यापुरता होता. तो आत घुसला की समोरचा तुमच्यासमोर असतो, आणि तुमच्यामुळे त्याचीही परतीची वाट बंद झालेली असते.

दुसरी वाट म्हणजे उजवीकडची कच्ची साइडपट्टी. ही शेवटची वाट आहे, भरवशाची नाही. डांबराच्या कडेला बऱ्याच ठिकाणी वीतभर खोल कडा असतो. पावसाळ्यात तिथे काळ्या मातीचा चिखल असतो आणि पुढचे चाक घसरते. शिवाय समोरचा चालकही घाबरून त्याच्या डावीकडे, म्हणजे त्याच पट्टीवर उतरतो. पुलावर, मोरीवर आणि कठडे असलेल्या ठिकाणी तर ही वाट नसतेच. म्हणून पुलाच्या जवळ ओव्हरटेक नको.

"मधून निघून जाऊ" ही तिसरी वाट काहींच्या डोक्यात असते. ती वाट नाही. नीट दुपदरी रस्ता ७ मीटर रुंद असतो. ट्रकची रुंदी कायद्याने २.६ मीटरपर्यंत असते. दोन ट्रक समोरासमोर आले की ५.२ मीटर त्यांनीच घेतले. उरले १.८ मीटर, तेही एका जागी नाही, दोन्ही कडांना आणि मध्ये वाटलेले. म्हणजे मध्ये अर्धा-पाऊण मीटर, आणि तुमच्या गाडीचे हँडलच तेवढे रुंद असते. साडेपाच मीटरच्या रस्त्यावर तर ट्रक आणि कार कशीबशी एकमेकांना पार करतात. अशा रस्त्यावर ट्रकने स्वतःहून डावीकडे उतरून, हळू होऊन साइड दिली तरच पुढे जायचे.

आपल्या भागात फसवणारी ठिकाणे

ट्रकचा चढ. भरलेला ट्रक चढावर २५-३० वर येतो. फरक मोठा दिसतो, म्हणून मोह होतो. पण चढाच्या माथ्यापलीकडचा रस्ता दिसत नाही. सव्वातीनशे मीटर हवे असताना शंभरच मीटर दिसत असतील, तर मोजणीला अर्थ नाही. जेवढा रस्ता डोळ्यांना दिसतो तेवढाच मोकळा धरायचा. वळणाला आणि दाट झाडीच्या पट्ट्यालाही हेच लागू आहे.

ट्रकांची रांग. कोळशाचे ट्रक उमरेड-वरोरा बाजूला, लोहखनिजाचे ट्रक गडचिरोली जिल्ह्यात आष्टी-आलापल्ली मार्गावर, हे अनेकदा एकामागे एक चालतात. दोन ट्रकांमध्ये ३० मीटरही जागा नसेल तर तुम्हाला मध्ये शिरता येणार नाही, म्हणजे तो एक ट्रक नसून दुप्पट-तिप्पट लांबीचा एकच ट्रक समजा. १० च्या फरकाने दोन ट्रक एका दमात काढायला अर्धा मिनिट जातो. आणि ट्रकच्या पुढे काय आहे ते मागून दिसत नाही. तिथे ट्रॅक्टर किंवा बैलबंडी असेल तर ट्रकवालाही ओव्हरटेक करायला उजवीकडे येणार, नेमका तुम्ही बाजूला असताना. ट्रक विनाकारण हळू झाला तर समजा की पुढे काहीतरी आहे.

बांबू आणि तणसाचे ट्रक. बांबूची टोके ट्रकच्या मागे बाहेर आलेली असतात. मागे राहायचे अंतर त्या टोकापासून मोजा. तणसाचा ट्रक बाजूंनी फुगलेला असतो, त्याची रुंदी चाकांवरून नाही, मालावरून धरा.

जंगल आणि रात्र. ताडोब्याच्या बाजूच्या पट्ट्यात रानडुक्कर, रोही, चितळ केव्हाही रस्त्यावर येतात, आणि गावाजवळ गुरे बसलेली असतात. जनावर आडवे आले की ट्रक ब्रेक मारतो किंवा वळतो. रात्री आणखी एक फसगत होते. समोर एकच दिवा दिसला की आपण मोटारसायकल समजतो. तो एक दिवा बंद पडलेला ट्रक किंवा ट्रॅक्टर असू शकतो. एक दिवा दिसला तर तो पूर्ण रुंदीचा ट्रक आहे असेच धरा. दिव्यावरून अंतर आणि वेगही कळत नाही. त्यामुळे दिवसा २५ मोजणाऱ्याने रात्री सरळ मागेच राहिलेले बरे.

ट्रकवाल्याचा इशारा. काही चालक उजवा इंडिकेटर देतात, काही हात दाखवतात. उजव्या इंडिकेटरचे आपल्याकडे दोन-तीन अर्थ होतात. कोणी "थांब, समोरून येत आहे" म्हणून देतो, कोणी "जा" म्हणून देतो, आणि कोणी खरोखरच उजवीकडे ढाब्यात किंवा राइस मिलमध्ये वळणार असतो. तिन्ही वेळा दिवा तोच लुकलुकतो. म्हणून उजवा इंडिकेटर दिसला तर अर्थ एकच घ्यायचा, निघायचे नाही. डावा दिला आणि ट्रक हळू झाला, तरी तो फक्त "माझी हरकत नाही" एवढाच निरोप. समोरचा रस्ता तुमच्याच डोळ्यांनी पाहायचा.

रेषा आणि कायदा

मध्ये तुटक रेषा असेल तर रस्ता मोकळा पाहून ओलांडता येते. सलग रेषा असेल तर ओलांडायची नाही. एक सलग आणि एक तुटक अशा जोडरेषा असतील तर तुमच्या बाजूची रेषा पाहायची. आखणाऱ्यांनी सलग रेषा वळण, चढ, पूल पाहूनच ओढलेली असते. ओव्हरटेक होत असलेल्या वाहनाने वेग वाढवायचा नाही, हाही नियमच आहे. तुमच्या बाजूने कोणी निघत असेल तर जिद्दीने गाडी पळवू नका, थोडी हळू करा, म्हणजे त्याचे १९ सेकंद कमी होतात.

नियम मोडून केलेला ओव्हरटेक मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ प्रमाणे धोकादायक वाहन चालवण्यात मोडतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात दिसला तर १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस मिळतात. फोनवर जागा सांगताना जवळच्या किलोमीटर दगडावरचा आकडा सांगा, गाडी शोधत फिरत नाही.

शेवटचा हिशोब

पुन्हा खडसंगीच्या पुढच्या त्या ट्रकपाशी येऊ. तो ५० ने चालला आहे. त्याच्या मागे राहिलात तर १० किलोमीटरला १२ मिनिटे लागतात. त्याला काढून ६० ने गेलात तर १० मिनिटे. कमाई २ मिनिटांची, आणि तीही पुढे दुसरा ट्रक लागला नाही तर. त्या २ मिनिटांसाठी दोन माणसांनी १९ सेकंद समोरच्याच्या भरवशावर काढायचे असतात.

म्हणून त्या ट्रकच्या मागे ४० मीटरवर राहा. दगड मोजत चला. कुठे सरळ, उघडा, शेतातून जाणारा रस्ता आला, ट्रक ४० वर आला, मोजणी १६ च्या पुढे जाईल एवढे समोर मोकळे दिसले आणि मागची जागा रिकामी असली, तर मागूनच वेग घ्या आणि निघा. नाहीतर वरोऱ्याला ट्रकच्या मागून पोचा.